तूट कोणाची? म्हापशातल्या एका दुकानाच्या मालकांना खुले पत्र

म्हापसा, 30 जून

प्रति,
थोरले शेठ, धाकटे शेठ आणि वहिनी,
भागीदार, म्हापसा व पर्वरी दुकान

विषय: व्यवस्थापक पदाचा राजीनामा

सप्रेम नमस्कार.

नेमणूकपत्राप्रमाणे एक महिन्याची नोटीस देऊन मी व्यवस्थापक पद सोडत आहे. 31 जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस. जुलैअखेर निघाले म्हणजे चतुर्थीच्या ऑर्डरी लावायच्या आत नव्या माणसाला दुकान समजून घ्यायला सवड मिळेल. ही तारीख मी तेवढ्यासाठीच निवडली आहे.

हे पत्र बंद लिफाफ्यात न देता सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण ज्या गोष्टींमुळे मी निघते आहे त्या बंद खोलीत ठरल्या नव्हत्या. गोडाऊनमध्ये, तांदळाच्या कट्ट्यांसमोर, सगळ्या कामगारांच्या देखत तुम्ही शब्द दिला होता. मी गुपचूप गेले तर 'मॅडमना दुसरीकडे जास्त पगार मिळाला' असे म्हटले जाईल. तसे काही नाही. दुकानाचे नाव मात्र मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल, आणि गिऱ्हाइकांना त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

मुद्दा एकच आहे, तो तुटीचा. स्टॉक घेतल्यावर संगणकातला माल आणि फळीवरचा माल यांत जो फरक निघतो तो कामगारांच्या पगारातून समान वाटून कापायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. मी 2014 साली काउंटरवर लागले तेव्हाही ती होती. तेव्हा मला ती दुकानदारीचा नियमच वाटायची. व्यवस्थापक झाल्यावर स्टॉकची यादी माझ्या हातात आली, आणि तूट कुठून येते ते एकेक ओळ करून बघता आले.

गेल्या चतुर्थीचा हिशोब तुमच्यापाशी आहे. तरी इथे पुन्हा मांडते, कारण बाकीच्यांनी तो कधी पाहिलेला नाही. म्हापशाच्या दुकानात 41,600 रुपयांची तूट निघाली. तुम्ही त्याच संध्याकाळी तेरा जणांत भागून प्रत्येकी 3,200 रुपये कापायला सांगितलेत. मी चार दिवस मागितले आणि गोडाऊनच्या पोराला घेऊन यादी उलगडायला बसले.

सर्वात मोठी ओळ सूर्यफूल तेलाची होती. एक लिटरच्या 120 पिशव्या, म्हणजे बाराचे दहा बॉक्स कमी. तेलाचे दहा बॉक्स कोणी पिशवीत घालून घरी नेत नाही. ते पोत्याएवढे सामान आहे, त्याला गाडी लागते, म्हणून मी गाडीचाच माग काढला. चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुपारी पर्वरीहून फोन आला होता, की तिथले तेल संपले. टेम्पो आला, बॉक्स चढवले, टेम्पो गेला. त्या गर्दीत ट्रान्स्फरची चिठ्ठी कोणी केली नाही. पर्वरीची स्टॉक यादी काढली तर तिथे त्याच तेलाच्या बरोबर 120 पिशव्या वाढीव. तिथे ती 'वाढ' म्हणून जमा धरली गेली होती आणि इथे तीच 'तूट' म्हणून कामगारांच्या डोक्यावर बसली होती. दीडशे रुपयांच्या भावाने ते 18,000 रुपये झाले. दोन्ही दुकाने तुमचीच. तुमच्या खिशातून एक पैसाही गेला नव्हता.

दुसरी ओळ तुमच्या घराची. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण हिशोबात संकोच चालत नाही. नारळ, गूळ, तूप, नेवऱ्यांसाठी चणाडाळ, काजू, पाहुण्यांसाठी फराळाचे डबे असा 9,200 रुपयांचा माल तीन खेपांत घरी गेला. माल तुमचा आणि घरही तुमचे, त्यात गैर काहीच नाही. फक्त प्रत्येक खेपेला 'घरखर्च' नावाने एक बिल मारायला हवे होते. दोन मिनिटांचे काम आहे. ते झाले नाही, म्हणून संगणकाच्या लेखी तो माल फळीवरच राहिला आणि मोजायला गेल्यावर सापडला नाही.

तिसरी ओळ बिस्किटांची आणि एक्स्पायरी मालाची. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन खोके उचलून नेतो, कच्च्या कागदावर आकडा लिहून देतो आणि 'क्रेडिट नोट पुढच्या बिलात येईल' म्हणतो. कधी ती दोन महिन्यांनी येते, कधी त्याची बदली होते आणि येतच नाही. त्या वेळी अशा कागदांवर 7,900 रुपये अडकले होते. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये टाचणी लावून होते, आणि तुम्ही ते पाहिले होते.

चौथी ओळ छोटी, पण वर्षभर चालणारी. कट्ट्यावर 50 किलो छापलेले असते. आपण तो कट्टा संगणकात 50 किलो म्हणूनच घेतो, फोडतो आणि अर्ध्या-एक किलोच्या पिशव्या भरतो. मी चणाडाळीचे काही कट्टे पॅकिंगच्या काट्यावर थोडे थोडे करून मोजायला लावले. 49 किलो 400 ग्रॅमच्या आसपास भरले. बारदानाचे वजन, चाळणीत गेलेला भुसा, सांडलेली मूठभर डाळ. तीस कट्ट्यांवर 18 किलो, म्हणजे नव्वदच्या भावाने 1,620 रुपये. यात चोर कोणीच नाही. माल उतरवताना कट्टा मोजायचा आणि बारदान वजा करून भरेल तेवढेच वजन संगणकात चढवायचे, एवढाच त्यावर उपाय. त्याला मागच्या शटरजवळ एक प्लॅटफॉर्म काटा लागतो.

या चार ओळींची बेरीज 36,720 रुपये. उरले 4,880. त्या महिन्याची आपली विक्री 28 लाखांच्या घरात होती, म्हणजे हजार रुपयांच्या विक्रीमागे पावणेदोन रुपयांचा पत्ता लागला नाही. त्यात उंदराने कुरतडलेला रवा असेल, एकाच बारकोडच्या जुन्या आणि नव्या एमआरपीतला घोळ असेल, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत कोणी पिशवीत सरकवलेला साबण असेल. कोणा कामगाराने काही उचलले असेल तर तेही त्यातच. आपल्याकडे कधी कोणी हात मारला नाही असे मी म्हणत नाही. एकाला मीच पकडून तुमच्यासमोर उभे केले होते. पण ते एकाचे प्रकरण होते आणि त्याच्यापुरतेच मिटले. पावणेपाच हजारांच्या संशयासाठी साडेएक्केचाळीस हजार रुपये तेरा घरांतून काढायचे, याला मी हिशोब म्हणू शकत नाही.

त्या तेरांत पॅकिंगला बसणारी एक बाई होती. दोडामार्गहून बसने येते. ती कामाला लागली तो महिना अर्धा सरल्यावर. तेल गेले तेव्हा ती होती, पण तिला तेलाची फळी कुठे आहे हेही धड माहीत नव्हते. तिच्या पहिल्या पगाराच्या पाकिटावर पेनाने '3,200 वजा' लिहिले होते. तिने ते पाकीट उलटेसुलटे करून पाहिले आणि मला विचारले, ''ताई, हे मी काय फोडलं?'' त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. नुकसानीपोटी पगार कापायचा तर तो माल त्या कामगाराच्या ताब्यात सोपवलेला असायला हवा, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेले असायला हवे, आणि कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. 1936 च्या वेतन कायद्यात हेच होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही हेच आहे. सगळ्यांच्या डोक्यावर समान वाटून टाकायची सोय त्यात कुठेही नाही. मी हे तेव्हाही सांगितले होते, धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. आजही त्याच अर्थाने लिहिते.

तुम्ही माझा हिशोब पाहिलात आणि मान्य केलात, याचे श्रेय मी तुम्हाला देते. पर्वरीची यादी पाहिल्यावर थोरल्या शेठनी स्वतः सगळ्यांना गोडाऊनमध्ये बोलावले. तीन गोष्टी ठरल्या: कापलेले पैसे दिवाळीच्या आत परत मिळतील, मागच्या शटरला काटा आणि माल उतरवून घ्यायला एक माणूस येईल, आणि यापुढे तुटीपोटी कोणाचा पगार कापला जाणार नाही. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलींनी आपापसात पैसे काढून सगळ्यांसाठी भजी मागवली होती. तुम्हीही त्यातली दोन खाल्लीत.

दिवाळीला पाकिटे आली. आत बरोबर 3,200 रुपये होते आणि वर 'दिवाळी बोनस' असे लिहिले होते. मी विचारले, हे परतीचे पैसे की बोनस? उत्तर मिळाले, ''पैसे मिळाले ना? मग नाव काय असेना.'' पण बोनस आदल्या वर्षीही मिळाला होता. कामगारांना बेरीज-वजाबाकी येते, शेठ. दिवसभर तेच तर करतात.

काटा आला. आणला, पेटी फोडली, दोन दिवस मागच्या शटरजवळ राहिला आणि पर्वरीला गेला, कारण तिथे कांदे-बटाट्याचा माल जास्त. म्हापशाला 'दुसरा घेऊ' असे ठरले. माल उतरवून घ्यायला जो माणूस येणार होता तोही आला, पण त्याला डिलिव्हरीच्या गाडीवर बसवले गेले. माल अजूनही गोडाऊनचा पोर गिऱ्हाइकांच्या मधून धावत येऊन मोजतो, आणि चलानावर सही करतो ती बॉक्स न उघडताच. डिस्ट्रिब्युटरची माणसे हे ओळखून आहेत. शुक्रवारी दुपारी बारानंतर येणाऱ्या गाड्या बघा, कमी भरणारा माल सगळ्यात जास्त त्याच वेळी येतो.

इथवर मी थांबले होते. धंद्यात मागेपुढे होते, हे मला कळते.

मार्चअखेरच्या स्टॉकला 26,000 रुपयांची तूट निघाली. या वेळी मला यादी उलगडायला वेळ दिला गेला नाही. एप्रिलच्या पगारात प्रत्येकी हजार कापले गेले, पण पगारपत्रकावर 'तूट' हा शब्द नव्हता. तिथे 'उचल' असे होते, आणि प्रत्येकाच्या नावाने हजार रुपये उचल घेतल्याचे व्हाउचर तयार करून माझ्या टेबलावर ठेवलेले होते. कामगारांची सही खाली आणि 'रक्कम माझ्या समक्ष दिली' म्हणून माझी सही वर. कोणी उचल घेतलेली नव्हती आणि कोणाला माझ्या समक्ष काही दिलेले नव्हते. मी सही केली नाही. धाकट्या शेठना तसे सांगितले. ते म्हणाले, मे महिन्यात सगळे सरळ करू. मेच्या पगारात दुसरा हजार कापला गेला आणि व्हाउचरचा दुसरा गठ्ठा आला.

माझा निर्णय त्या दुसऱ्या गठ्ठ्याने झाला. पहिल्या वेळी शब्द मोडला असे मी म्हणाले असते. दुसऱ्या वेळी शब्द मोडण्यासाठी कागद तयार होते आणि त्यावर माझ्या सहीची जागा आखलेली होती. या दुकानात माझ्या सहीवर डिस्ट्रिब्युटर माल सोडतात, बँक पैसे मोजून घेते, मुलींचे आईवडील रात्री साडेनऊपर्यंत त्यांना थांबू देतात. ती सही खोट्या कागदावर घालून मी इथे राहू शकत नाही.

गेल्या आठवड्यात तुम्ही माझा पगार वाढवायची तयारी दाखवलीत. मनापासून आभार, पण नको. माझ्या पगाराबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची म्हणून सांगते, कारण ती मालकाच्या केबिनमधून दिसत नाही. तूट पगारातून कापली की कामगार ती कमी करत नाहीत, ती लपवायला शिकतात. बाटली फुटली तर कोणी येऊन सांगत नाही, काचा कचऱ्यात जातात आणि झाकण दुसऱ्या बाटल्यांच्या मागे ठेवले जाते. कधी चुकून एखादा बॉक्स जास्त आला तर तो चढवला जात नाही, जिन्याखाली झाकून ठेवतात, पुढच्या स्टॉकला कामाला येईल म्हणून. मी जिन्याखालून साबणाचे दोन आणि चहाचा एक बॉक्स काढला, तेव्हा मला हे कळले. त्याहून वाईट म्हणजे सुट्या मालाच्या काट्यावर पिशवीचे वजन वजा करायचे बटण कोणी दाबेनासे झाले होते. गिऱ्हाइकामागे पाच-दहा ग्रॅम. मुलींना त्यातून एक पैसा मिळत नव्हता, त्या फक्त महिनाअखेरचा आकडा भरून काढत होत्या. म्हणजे तुमची तूट कामगारांनी आणि कामगारांची तूट गिऱ्हाइकाने भरायची, अशी ही साखळी झाली आहे. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे. उद्या तपासणीत एखादी पिशवी कमी भरली तर उत्तर दुकानालाच द्यावे लागेल. ते बटण मी आता पुन्हा सक्तीचे केले आहे. पण मी गेल्यावर ते टिकेल की नाही, हे पगाराच्या पाकिटावर अवलंबून राहील.

हे सगळे लिहिताना राग नाही. कोरोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत शटर खाली असताना तुम्ही सगळ्यांचा पूर्ण पगार दिला होता, तेही न मागता. थोरल्या शेठनी मला तांदूळ दाताखाली धरून जुना-नवा ओळखायला शिकवले, उधारीची वही कशी वाचायची ते शिकवले, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हेही शिकवले. काउंटरवरच्या मुलीच्या हातात अख्खे दुकान देणारे मालक म्हापशात फार नसतील. ते ऋण मी मानते. त्यापोटी खोटी सही मात्र करता येणार नाही.

आता राहिलेली कामे.

मार्चच्या 26,000 रुपयांची यादी मी घरी बसून उलगडली आहे. त्यातल्या 17,500 रुपयांचा माग लागला, बहुतेक पुन्हा पर्वरीच्या विनाचिठ्ठी ट्रान्स्फरचा आणि अडकलेल्या क्रेडिट नोटांचा. यादी आणि कागद सोबत जोडले आहेत. हे पैसे तेरा जणांना 'परत' याच नावाने द्यावेत, ही माझी मागणी आहे. विनंती म्हटले असते, पण ती पूर्वी करून झाली आहे. माझ्या वाट्याचे दोन हजारही त्यातच धरा. उरलेल्या 8,500 चा पत्ता लागलेला नाही. तो एका कोणावर शाबीत होत नाही तोवर कोणाच्याही पगारातून कापता येणार नाही. ज्यांनी उचलीच्या व्हाउचरवर सह्या केल्या आहेत त्यांची व्हाउचर रद्द करून त्यांच्या हातात द्यावीत.

माझी ग्रॅच्युइटी शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता धरून, वर्षाला 15 दिवस, महिना 26 दिवसांचा, या नेहमीच्या हिशोबाने काढावी. अर्ज वेगळा देते आहे. कायद्याने त्याला तीस दिवसांची मुदत आहे, मला तेवढी पुरेशी आहे.

अन्न परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख, काट्यांच्या शिक्क्याची तारीख, तिजोरीचा आणि संगणकाचा पासवर्ड, कोणाची उधारी किती आणि कोणाला उधार द्यायचेच नाही, हे सगळे एका वहीत लिहून काढते आहे. ती वही शेवटच्या आठवड्यात नव्या माणसाबरोबर बसून वाचून दाखवीन. आमच्या मुलींपैकी जी गेली काही वर्षे खरेदीची बिले चढवते आहे, ती हे काम करू शकेल असे माझे मत आहे. तिला विचारून मगच हे लिहिले आहे. ती तयार आहे, पण व्हाउचरचा प्रश्न आधी मिटवा म्हणते.

शेवटचा स्टॉक 31 जुलैला रात्री दुकान बंद झाल्यावर घेऊ. म्हापसा आणि पर्वरी, दोन्हीकडे त्याच रात्री, म्हणजे एकीकडची वाढ दुसरीकडची तूट होणार नाही. मोजणीच्या कागदावर माझ्यासोबत एका भागीदाराची सही हवी. म्हापशाला थोरले शेठ थांबतील असे धरून चालते. पर्वरीला कोण असेल आणि तिथल्या गोडाऊनची चावी त्या रात्री कोणाकडे असेल, तेवढे आठवडाभर आधी कळवा.

आपली,
व्यवस्थापक, म्हापसा दुकान

प्रत: दुकानातील सर्व कामगार, हजेरीच्या फळ्याजवळ लावण्यासाठी
सोबत: मार्च स्टॉकची उलगडलेली यादी, ग्रॅच्युइटीचा अर्ज